कापलेला कर भरल्याशिवाय बिल पूर्ण झाले असे धरू नका: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: ग्रामपंचायतींनी ठेकेदारांच्या बिलातून कापलेला आयकर मुदतीत भरण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यात कर सल्लागार आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत बरेच जण छोटे ठेकेदार आहेत. वहाळावरचा साकव, वाडीतली पाखाडी, शाळेचा गडगा, नळपाणी योजनेची दुरुस्ती अशी पाच-दहा लाखांची कामे ते करतात. त्यांच्या बिलातून ग्रामपंचायत आयकर कापते, पण तो सरकारजमा करत नाही, किंवा करते तेव्हा फार उशीर झालेला असतो. आयकर हा केंद्राचा विषय आहे हे मला माहीत आहे. ग्रामपंचायतीचे दप्तर मात्र आपल्या खात्याच्या अखत्यारीत आहे आणि दोष तिथे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो.

नियम फार अवघड नाही. ठेकेदाराला एका वेळी ३० हजारांपेक्षा जास्त रक्कम द्यायची असेल, किंवा वर्षभरातल्या रकमांची बेरीज १ लाखाच्या वर जात असेल, तर कर कापायचा. ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का. मजूर सहकारी संस्था, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २ टक्के. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून उरलेल्या रकमेवर. पॅन दिला नसेल तर थेट २० टक्के. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची. फक्त मार्चमधल्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. मग दर तिमाहीला २६क्यू हे विवरणपत्र द्यायचे, त्यात कोणाच्या पॅनवर किती कापले ते लिहायचे. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीसाठी त्याची शेवटची तारीख ३१ मे. १९६१ च्या कायद्यात हे कलम १९४सी होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्यात ते कलम ३९३ मध्ये गेले, पण दर आणि मर्यादा त्याच राहिल्या. विवरणपत्रांचे आणि पत्रकांचे क्रमांक मात्र बदलले; या पत्रात मी त्यांची जुनीच नावे वापरतो.

यातली १ लाखाची मर्यादा अनेकदा नजरेतून सुटते. पंप दुरुस्त करणाऱ्याची २८ हजारांची चार बिले झाली की प्रत्येक बिल ३० हजारांच्या आत म्हणून कोणी काही कापत नाही. पण चौथ्या बिलाला बेरीज १ लाख १२ हजार होते आणि कपात सगळ्या रकमेवर, म्हणजे १,१२० रुपये करावी लागते. ती राहिली की पुढे लेखापरीक्षणात किंवा आयकर खात्याच्या नोटिशीत निघते.

आता मूळ दुखणे सांगतो. माझ्याकडच्या एका ठेकेदाराचे उदाहरण घेतो. त्याचे आणि गावाचे नाव देत नाही. त्याने एका ग्रामपंचायतीसाठी साकव आणि त्याला जोडणारी पाखाडी बांधली. बिल जीएसटी सोडून ७ लाख ५० हजारांचे. २८ मार्च २०२५ ला पैसे मिळाले आणि आयकराचे ७,५०० रुपये कापले गेले. बाकीच्या कपाती बाजूला ठेवतो. हे ७,५०० रुपये ३० एप्रिलपर्यंत भरायचे होते. ते पंचायतीच्या खात्यातच राहिले.

या ठेकेदाराने वर्षभरात एकूण २२ लाखांचे काम केले. पैसे सगळे बँकेतून आले, म्हणून अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत ६ टक्के, म्हणजे १ लाख ३२ हजार उत्पन्न दाखवून त्याने विवरणपत्र भरले. या उत्पन्नावर कर शून्य. त्यामुळे वर्षभरात कापलेले सगळे २२ हजार परत मिळायला हवेत. इतर कार्यालयांनी कापलेले १४,५०० मिळाले, पंचायतीचे ७,५०० नाहीत. बँकेच्या ठेवीवरच्या व्याजाला असतो तसा ‘माझ्याकडून कापू नका’ असा साधा फॉर्म ठेकेदाराला चालत नाही. आयकर अधिकाऱ्याकडून आधी कमी दराचा दाखला काढण्याची सोय आहे, पण तीनचार कामे करणारा माणूस त्या वाटेला जात नाही. म्हणजे परतावा हाच त्याचा एकमेव मार्ग.

कोकणात ही रक्कम अडण्याला वेगळे वजन आहे. आमच्याकडे बांधकाम मे अखेरपर्यंत चालते. पाऊस लागला की वहाळ भरतात, काम थांबते आणि चिरेखाणीवाला, खडीवाला, मजूर आपला हिशेब मागायला दारात येतात. परताव्याचा पैसा नेमका याच दिवसांत लागतो.

पैसे कुठे अडले हे ठेकेदाराला त्याच्या २६एएस पत्रकावरून, म्हणजे त्याच्या पॅनवर नोंदलेल्या कराच्या पत्रकावरून, कळू शकते. पंचायतीच्या नावाची नोंदच नसेल तर शक्यतो २६क्यू भरलेले नाही. नोंद आहे पण तिच्यापुढे U असे अक्षर आहे, तर विवरणपत्र दिले, पण त्याला जुळणारे चलन सापडत नाही. पैसे भरलेले नाहीत किंवा चलनाचा तपशील चुकीचा लिहिला आहे. चलन जुळले की तिथे F येतो. पंचायत पैसे भरल्याचे सांगते, चलनही दाखवते, आणि तरीही नोंद नसते, तेव्हा बहुधा पॅनचे एखादे अक्षर चुकलेले असते आणि पैसे भलत्याच माणसाच्या नावावर चढलेले असतात. तिन्ही दोषांची दुरुस्ती पंचायतीलाच करावी लागते. ठेकेदार किंवा त्याचा सल्लागार फक्त पाहू शकतो.

कायदा त्याला अर्धेच संरक्षण देतो. बिलातून कर कापला गेला असेल तर तेवढा कर पुन्हा ठेकेदाराकडून वसूल करता येत नाही, असे १९६१ च्या कायद्याचे कलम २०५ सांगते आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ साली आपल्या अधिकाऱ्यांना तशा सूचना दिल्या. पण परतावा हवा असेल तर कर कापलेला आणि सरकारजमा झालेला, दोन्ही लागते. म्हणजे ज्याला कर भरायचा नव्हता, त्याचेच पैसे अडतात.

त्या पंचायतीने अखेर १४ ऑक्टोबर २०२५ ला पैसे भरले आणि २० ऑक्टोबरला २६क्यू दिले. कापून न भरलेल्या रकमेवर महिन्याला दीड टक्का व्याज लागते आणि महिन्यातला एक दिवसही पूर्ण महिना धरतात. मार्च ते ऑक्टोबर असे ८ महिने, म्हणजे १२ टक्के, ९०० रुपये. विवरणपत्राला उशीर झाल्याचे शुल्क दिवसाला २०० रुपये. ३१ मेनंतरचे १४२ दिवस धरले तर ते २८,४०० होते, पण हे शुल्क त्या विवरणपत्रातल्या कराच्या रकमेपेक्षा जास्त आकारता येत नाही, म्हणून ७,५०० वर थांबले. मूळ ७,५०० रुपयांवर आणखी ८,४०० रुपये गेले. हा पैसा गावाच्या निधीतला आहे. यानंतर ठेकेदाराने दुरुस्तीचा अर्ज केला आणि आता तो परताव्याची वाट पाहतो आहे.

यात मी ग्रामसेवकावर, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, खापर फोडत नाही. एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असतो. कर कापणाऱ्याचा क्रमांक म्हणजे टॅन, त्याचा पासवर्ड आणि ओटीपी बदली होऊन गेलेल्या माणसाच्या मोबाइलला जोडलेला असतो. २६क्यू तयार करायला बाहेरच्या माणसाला पैसे द्यावे लागतात आणि त्याची तरतूद कोणत्या शीर्षाखाली करायची हे स्पष्ट नसते. कोषागारातून बिले काढणाऱ्या सरकारी कार्यालयांना पैसे भरण्याची अडचण येत नाही. तिथे कराची रक्कम बिलातच पुस्तकी नोंदीने वळती होते आणि कोषागार दर महिन्याला त्याचे पत्रक आयकर खात्याला देते. ग्रामपंचायत त्या व्यवस्थेच्या बाहेर आहे. तिला स्वतः चलन भरावे लागते, आणि तेच राहून जाते.

व्यावसायिकांचे नुकसान याहून मोठे आहे. आराखडा आणि देखरेखीसाठी पंचायत खासगी अभियंत्याला नेमते, तेव्हा कपात ठेकेदाराप्रमाणे १ टक्का नसते, १० टक्के असते. वर्षाची मर्यादा ३० हजार होती, ती १ एप्रिल २०२५ पासून ५० हजार झाली. ६० हजारांच्या फीमधून ६ हजार जातात. ७ लाख ५० हजारांच्या साकवावर ठेकेदाराचे जेवढे कापले, जवळजवळ तेवढेच ६० हजारांच्या फीवर एका तरुण अभियंत्याचे कापले जाते.

म्हणून माझी मागणी अशी. वित्त आयोगाच्या निधीची देयके ई-ग्रामस्वराज प्रणालीतून सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीने निघतात. ठेकेदाराच्या देयकावर ज्या दिवशी या सह्या होतील, त्याच दिवशी कापलेल्या कराचे चलनही निघाले पाहिजे, असा शासन निर्णय काढा. ७ तारखेची मुदत कायद्याने दिली आहे, पण पंचायतीला ती वापरायला देण्याचे कारण नाही. रक्कम हातात असतानाच भरली की पुढचा प्रश्नच उरत नाही. इतर निधीच्या देयकांना हाच नियम लावा.

२६क्यू भरण्याचे काम एकेका ग्रामसेवकावर न ठेवता प्रत्येक पंचायत समितीत त्यासाठी एक प्रशिक्षित कर्मचारी द्या. तालुक्यातल्या सगळ्या टॅनचे पासवर्ड आणि मोबाइल क्रमांक तो सांभाळेल, म्हणजे बदलीबरोबर ते हरवणार नाहीत. विवरणपत्राचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा तेही त्याच निर्णयात लिहा. ठेकेदाराला देयकाची प्रत, त्यात कपातीची रक्कम वेगळी दाखवून, मागणी न करता मिळाली पाहिजे. पुढे वाद झाला तर कर पुन्हा वसूल होऊ नये म्हणून त्याच्या हातात तोच एक पुरावा असतो. आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या पथकाला सांगा की कपातीच्या प्रत्येक नोंदीपुढे चलनाचा क्रमांक आणि तारीख पाहावी. जिथे ती नसेल, तिथे रक्कम अजून पंचायतीच्या खात्यातच आहे.

हा निर्णय येत्या मार्चची बिले निघण्यापूर्वी व्हावा, ही विनंती. वर्षातली बहुतेक बिले त्याच महिन्यात निघतात.

आपला विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक कर सल्लागार