ताई, जर्मन फॉर्म पुन्हा भरण्याविषयी

हॅनोव्हर, जर्मनी

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

रुग्णालयाने नोकरीसाठी पाठवलेला माहितीचा फॉर्म तू भरून मला तपासायला दिलास, तो काल रात्री उघडला. मोबाईलवर पाहिला तेव्हा सगळ्या चौकटी रिकाम्या दिसल्या, म्हणून संगणकावर उघडला, तेव्हा कुठे तुझी उत्तरे दिसली. अशा पीडीएफमध्ये आपण लिहिलेला मजकूर आणि पडद्यावर दिसणारे त्याचे चित्र या दोन वेगळ्या गोष्टी साठवल्या जातात. मोबाईलवरची काही ॲप मजकूर साठवतात, पण चित्र तयार करीत नाहीत, आणि मग पलीकडच्या माणसाला कोरा कागद मिळाल्यासारखे होते. म्हणून फॉर्म आधी संगणकावर उतरवून घे, अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये भर आणि सेव्ह कर. मग तीच फाईल स्वतःलाच पाठवून मोबाईलवर उघडून पाहा.

आता चौकटींच्या नावांबद्दल लिहितो, कारण खरी चूक तिथेच झाली आहे. खानापूरच्या तहसील कार्यालयातले कन्नड फॉर्म आबा जागेच्या अंदाजाने भरत असत, पहिल्या ओळीत ‘हेसरु’ आणि तिच्याखाली वडिलांचे नाव; तो फॉर्म वर्षानुवर्षे तोच असल्याने ते निभावून जाई. जर्मन फॉर्मवर तसा अंदाज चालत नाही. भाषांतराच्या ॲपने `Name` चा अर्थ ‘नाव’ असा सांगितला आणि तू तिथे स्वतःचे नाव लिहिलेस. पण जवळच `Vorname` ही चौकट असेल, तर `Name` म्हणजे आडनाव आणि `Vorname` म्हणजे आपले नाव. म्हणजे लेबल एकटे वाचू नये, शेजारच्या लेबलासोबत वाचावे. पासपोर्टमध्ये जे आडनाव आणि जे नाव छापले आहे, तेच जसेच्या तसे रोमन अक्षरांत लिही. देवनागरी लिहू नकोस, कारण या चौकटींच्या फॉन्टमध्ये बहुधा आपली अक्षरे नसतात आणि त्यांच्या जागी ठोकळे उमटतात.

`Geburtsname` म्हणजे जन्माच्या वेळचे आडनाव. लग्नात आडनाव बदलल्यामुळे तुझ्या बाबतीत इथे माहेरचे आडनाव येईल. ही चौकट तू मोकळी सोडली आहेस. `Geburtsort` म्हणजे जन्मगाव. इथे तू Belagavi लिहिलेस. पण तुझा पासपोर्ट Belgaum म्हणतो, आणि शहराचे नाव 1 नोव्हेंबर 2014 रोजी बदलले असले तरी या फॉर्मवर पासपोर्टशी जुळणारेच नाव हवे. तारखेच्या चौकटीखालचे `TT.MM.JJJJ` हे दिवस, महिना आणि वर्ष यांचे संक्षेप आहेत, त्यात क्रम आपल्याकडचाच आहे.

सर्वांत फसवी चौकट `PLZ` ची आहे. हा टपाल क्रमांक जर्मनीत पाच आकडी असल्याने या चौकटीत पाचच अंक बसतात आणि सहावा अंक कोणतीही सूचना न देता गळून पडतो. तुझ्या फॉर्मवर 591302 ऐवजी 59130 एवढेच राहिले आहे. माझ्या मते `PLZ` मोकळी ठेवून पलीकडच्या `Ort` म्हणजे गावाच्या चौकटीत `Khanapur 591302, Indien` असे लिहावे आणि ई-मेलमध्ये त्याचे कारण एका वाक्यात सांगावे. `Steuer-ID` म्हणजे करक्रमांक आणि `IBAN` म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा बँक खातेक्रमांक; या दोन्ही चौकटी मोकळ्याच राहू दे. करक्रमांक तुला इथे पत्ता नोंदवल्यावर मिळेल आणि भारतातल्या खात्याला `IBAN` नसते, त्यामुळे तिथे आपला खातेक्रमांक घालू नकोस.

सहीचे काम सगळ्यात शेवटी कर. तळाशी `Ort, Datum` अशी चौकट आहे. तिथे वरच्या पत्त्यातले नव्हे, तर सही करताना तू जिथे असशील ते गाव आणि त्या दिवसाची तारीख येते. शेजारच्या `Unterschrift` वर तू नाव टंकले आहेस, ते काढून टाक. त्यांनी ई-मेलमध्ये हाताने केलेली सही मागितली आहे आणि टंकलेले नाव म्हणजे हाताची सही नव्हे. फॉर्म छापून घे, प्रत्येक पान वाच, निळ्या शाईच्या पेनाने पासपोर्टवरच्यासारखी सही कर, आणि मोबाईलने फोटो न काढता दुकानातून सरळ स्कॅन करून घे. सही केल्यावर चूक सापडली तर खाडाखोड करू नकोस. मूळ फाईलमध्ये दुरुस्ती करून नवी प्रत छाप आणि तिच्यावर पुन्हा सही कर. त्यासाठीच भरलेली, पण सही न केलेली फाईल वेगळ्या नावाने जपून ठेव.

स्कॅन आधी मला पाठव, मी त्याच रात्री पाहीन. आईला आणि आबांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा भाऊ