फुलवाल्या मावशींना, दोन नारळांबद्दल

आदरणीय मावशी,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला तुमची नात वाचून दाखवेल. तुम्ही मला तोंडावर आभार मानू देत नाही, "चल, गिऱ्हाईक खोळंबलंय" म्हणता. म्हणून लिहिते आहे.

मागच्या श्रावणातला पहिला सोमवार आठवतोय? सासूबाईंचा पाय मोडला होता आणि त्यांचा नेमाचा अभिषेक माझ्यावर आला होता. माझ्या माहेरी देवळात जायची पद्धत नव्हती. बाबा कामगार चळवळीतले, घरात देव्हाराही नव्हता. ठाण्यात लग्न होऊन येऊन मला सहा वर्षं झाली होती, तरी देवळात मी नेहमी सासूबाईंच्या मागे उभी राहायची. त्या दिवशी पहिल्यांदाच पुढे होते. गुरुजी गाभाऱ्यातून कलश घेऊन बाहेर आले. मोठ्या माणसाला आधी नमस्कार करायचा एवढं मला माहीत होतं, म्हणून मी वाकले आणि त्यांच्या पायाला हात लावायला गेले. ते एकदम मागे सरकले. "अहो, लांबून, लांबून! सोवळ्यात आहे!" मागच्या रांगेतली सगळी माणसं बघत होती. मी अभिषेक न करताच बाहेर आले. तुमच्या टोपलीपाशी उभी राहिले तेव्हा माझे डोळे भरलेले होते.

तुम्ही काय झालं ते विचारलंत आणि मग म्हणालात, "पोरी, तुला नाही लांब केलं. त्यांचा नातू आला तरी तोसुद्धा लांबूनच बघतो."

मावशी, सोवळ्याच्या नावाखाली माणसांना पिढ्यान् पिढ्या लांब ठेवलं गेलं, हे बाबांनी मला शिकवलं आहे आणि ते मी विसरणार नाही. तुम्हीही ते नाकारलं नाहीत. पण या गुरुजींचं सोवळं म्हणजे काय, ते तुम्ही समजावून सांगितलंत. अंघोळ करून कद नेसला की पूजा आटपेपर्यंत कुणाचाही स्पर्श चालत नाही. झालाच तर पुन्हा अंघोळ, आणि तोवर पूजा थांबते. ओळखायचं कसं, तर अंगावर कद किंवा ओला पंचा असेल, हातात कलश, फुलं नाहीतर पळी असेल, ओठ जपात हलत असतील, तर पायाला हात लावायचा नाही आणि हाकही मारायची नाही. दोन पावलं अलीकडे उभं राहून छातीशी हात जोडायचे, मान लववायची. त्यांनी बघितलं तर बघितलं. शिवाय देवासमोर उभं असताना आधी देवाला नमस्कार, गुरुजींना नंतर.

पुढच्या सोमवारी तुम्ही टोपली शेजारणीवर सोपवून माझ्याबरोबर दारापर्यंत आलात. अभिषेकाची पावती कार्यालयात फाडायची आणि दक्षिणा वेगळी द्यायची, हे तुम्ही बजावलं होतंत. गुरुजींना काय म्हणायचं तेही घोकून घेतलं होतंत: "नमस्कार गुरुजी. सासूबाईंच्या नावानं अभिषेक करायचा आहे." पंडितजी नाही, भटजी नाही, गुरुजी. नाव आणि गोत्र विचारतील, तेव्हा गोत्र ठाऊक नसेल तर सरळ तसं सांगायचं, ते काश्यप म्हणून पुढे जातात. तसंच झालं. संकल्पात ते थांबून "मम म्हणा" म्हणाले. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी नुसती बघत राहिले असते. मम म्हणजे माझं. ज्याच्यासाठी पूजा चालली आहे त्याच्या वतीनं ते म्हणायचं असतं, एवढं कळल्यावर माझा आवाज आपोआप नीट निघाला.

प्रसादाच्या वेळी उजव्या हाताखाली डावा हात धरून मी ओंजळ पुढे केली आणि तशीच स्थिर ठेवली. फूल वरून पडलं. आदल्या सोमवारी मी ते त्यांच्या हातातून घ्यायला गेले असते. दक्षिणाही हातात दिली नाही. विड्याची दोन पानं, त्यावर सुपारी आणि एक्कावन्न रुपये, सगळं उजव्या हातानं समोरच्या ताम्हनात ठेवलं. वरचा एक रुपया तुमच्या गल्ल्यातला होता, कारण माझ्याकडे नुसती पन्नासची नोट होती. मग त्यांनी अक्षता उचलल्या. साडी नव्हती, म्हणून मी ओढणी पसरली. ते आशीर्वादाचा मंत्र म्हणत होते आणि मी, तुम्ही सांगितलं तशी, काही न बोलता मान खाली घालून उभी होते. आशीर्वादाला उत्तर द्यायचं नसतं, तो घ्यायचा असतो, हे तुमचंच वाक्य.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते दोन नारळ. "आता सोवळं उतरवून गुरुजी कट्ट्यावर बसतील, तेव्हा पायाला हात लाव," असं म्हणून तुम्ही मला आधी सराव करायला लावलात. मी तुमच्याच पायाशी वाकायला गेले तर तुम्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतलेत आणि गोणपाटावर दोन नारळ शेजारी शेजारी ठेवलेत, शेंड्या माझ्याकडे करून. "हे त्यांचे पाय. आता उजवा हात त्यांच्या उजव्या पायावर." माणूस समोर असला की त्याचा उजवा पाय आपल्या डाव्या बाजूला येतो, म्हणजे हातांची फुली होते. मी तीनदा चुकले. चौथ्यांदा माझी मनगटं एकमेकांवर आली आणि बोटं नारळाच्या खरखरीत सालीला टेकली. "आता डोकं हातांशी ने. आणि लगेच उठू नकोस, एक श्वास थांब."

अर्ध्या तासानं गुरुजी धोतर-सदऱ्यात कट्ट्यावर चहा पीत होते. खात-पीत असलेल्या माणसाला नमस्कार करायचा नाही, म्हणून कप खाली ठेवेपर्यंत मी थांबले. मग वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आठ दिवसांपूर्वी मागे सरकलेला तोच माणूस म्हणाला, "कल्याणमस्तु. सासूबाईंचा पाय कसा आहे?" निघताना मी "जाते" म्हटलं नाही, "येते गुरुजी" म्हटलं. ते म्हणाले, "या."

कार्तिकात देवळात कीर्तन झालं, तेव्हाही तुम्ही आधी सावध केलं होतंत, की बुवा वारकरी आहेत, "रामकृष्ण हरी" म्हणायचं, आणि ते उलट तुझ्या पाया पडले तर घाबरू नकोस. ते खरोखरच वाकले. वारकऱ्यांत लहान-मोठं न बघता एकमेकांच्या पाया पडतात, हे मी तोवर फक्त ऐकलं होतं. सांगितलं नसतंत तर मी त्यांना अडवायला गेले असते. संन्याशी दिसले तर "ॐ नमो नारायणाय" म्हणायचं, हेही लक्षात ठेवलं आहे. अजून तशी वेळ आलेली नाही.

सासूबाई आता चालतात. पण यंदाच्या श्रावणात पहिल्या सोमवारी अभिषेकाला मीच येणार आहे, त्यांनीच तसं सांगितलं आहे. जांभळी नाक्यावरून तुम्ही पहाटे फुलं घेऊन याल, टोपली मांडाल, तेव्हा मी तिथे असेन. मावशी, त्या दिवशी मध्ये नारळ ठेवू नका. पाय लुगड्याखाली ओढून घेऊ नका.

तुमची,
बेलाची दोन पानं नेहमी जास्त मागणारी