‘सर्वांत चांगला’ हे दोन शब्द

प्रिय निशांत,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेला आयईएलटीएसचा निबंध दोनदा वाचला. इंग्रजी स्वच्छ आहे, शब्दही 280 भरले. तरी टास्क रिस्पॉन्सला 6 च्या वर बँड मिळणं कठीण वाटतं. चार निकषांपैकी हा एक, म्हणजे टास्क टूच्या गुणांचा चौथा हिस्सा. तिथे भाषा किती छान आहे हे बघत नाहीत. विचारलं त्याचं उत्तर दिलंस का, एवढंच बघतात.

तुझा प्रश्न होता: शहरातली वाहतूक कोंडी सोडवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे बस-रेल्वे मोफत करणं, याच्याशी कितपत सहमत? तू मोफत प्रवासाचे तीन फायदे लिहिलेस: पैसे वाचतात, प्रदूषण घटतं, गरिबांची सोय होते. फायदे खरे आहेत, पण यातला एकही थेट कोंडीबद्दल नाही. आणि ‘सर्वांत चांगला’ म्हटलं की दुसऱ्या एखाद्या उपायाशी तुलना आलीच. ती नसली की परीक्षकाला प्रश्नाचा एक भाग अर्धवट राहिलेला दिसतो.

दुसरी गोष्ट भूमिकेची. सुरुवातीला तू ‘पूर्णपणे सहमत’ म्हणतोस आणि शेवटी ‘दोन्ही बाजूंना तथ्य आहे’ असं लिहितोस. मग तुझं मत नेमकं कुठलं? 7 बँडसाठी एकच स्पष्ट भूमिका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दिसावी लागते. अंशतः सहमत असलास तरी चालतं, फक्त कुठवर सहमत ते आधीच सांग. मत बरोबर की चूक यावर गुण नसतात, म्हणून परीक्षकाला काय आवडेल याचा विचारच करू नकोस.

मुद्दा फुलवायचा म्हणजे काय, ते याच प्रश्नावर बघ. ‘मोफत बसमुळे गाड्या कमी होतील’ हे नुसतं विधान झालं. का, ते विचार. गाडीवाला पेट्रोल आणि पार्किंगला तिकिटापेक्षा जास्तच पैसे मोजतो, तरी बसमध्ये चढत नाही. कारण बस अर्धा तास येत नाही. म्हणजे तिकीट माफ करून तो फारसा हलणार नाही, दर पाच मिनिटांनी बस आली तर हलेल. लक्झेंबर्गने 2020 मध्ये देशभर सार्वजनिक वाहतूक मोफत केली, तरी रस्त्यांवर गाड्यांची गर्दी आहेच. झाला परिच्छेद: दावा, कारण, उदाहरण, आणि शेवटी पुन्हा ‘सर्वांत चांगला’कडे. असे दोन परिच्छेद पुरे. तीन-चार मुद्दे कोंबलेस की एकही फुलत नाही. आणि मनाने रचलेले ‘सर्वेक्षणानुसार 78 टक्के’ घालू नकोस, त्याने मुद्दा पुढे सरकत नाही. पाठ केलेली प्रस्तावनाही नको. परीक्षक ती ओळखतात.

40 मिनिटांतली पहिली पाच कच्च्या कामाला ठेव. प्रश्नातल्या कोंडी, मोफत, सर्वांत चांगला या शब्दांखाली रेघ ओढ आणि प्रत्येकासमोर तुझं एका वाक्यातलं उत्तर लिही. एखाद्यासमोर जागा कोरी राहिली तर परिच्छेदाला हात घालू नकोस.

हाच प्रश्न पुन्हा लिहून रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
मिलिंद