सूचना: परदेशी व्यक्तीला कामावर घेण्याआधी व्हिसा तपासा

वडोदऱ्यातील सर्व उद्योजक सभासदांना नमस्कार.

परदेशी उमेदवार घेणार असाल, तर नेमणूकपत्र देण्याआधी मूळ पासपोर्ट, व्हिसा आणि नोंदणीचा कागद स्वतः पाहा. नुसत्या मोबाईलवरच्या फोटोवर विसंबू नका.

- प्रकार: नोकरीसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. स्टुडंट व्हिसावरच्या विद्यार्थ्याला, अर्धवेळ असला तरी, पगारावर ठेवू नका. (नेपाळ-भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही; ओळखपत्र मात्र पाहा.)
- मालकाचे नाव: इथेच सर्वाधिक चूक होते. समजा, मकरपुऱ्यातल्या कारखान्याकडे एक तंत्रज्ञ आला. व्हिसाला अजून आठ महिने आहेत, पण तो अहमदाबादच्या दुसऱ्या कंपनीसाठी दिलेला आहे. मुदत शिल्लक असली, तरी तुमच्याकडे तो चालणार नाही. साधारणपणे त्याला मायदेशी जाऊन तुमच्या नावाने नवा व्हिसा काढावा लागतो.
- मुदत: व्हिसा, नोंदणी आणि पासपोर्ट या तिन्हींच्या तारखा लिहून ठेवा. जी आधी संपते, ती धरून चला आणि मुदतवाढीचा अर्ज वेळेत करा.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता दांडिया बाजारातील आपल्या नेहमीच्या बैठकीत शंका विचारता येतील. ज्यांच्याकडे आत्ताच परदेशी कर्मचारी आहेत, त्यांनी झेरॉक्स घेऊन यावे ही कळकळीची विनंती.

– चिटणीस