बंड्या, आपला कागद तीन रुपयाला मिळतोय

प्रिय बंड्या,

तब्येत बरी आहे, शुगर होती तिथेच आहे आणि हिचा गुडघाही, त्यामुळे तो विषय संपला. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसत सुटला असतास, म्हणून लिहितोय.

नौपाड्यात एका झेरॉक्सवाल्याकडे गेलो होतो. काउंटरवर गठ्ठा, वर वजन म्हणून पंचिंग मशीन, आणि गठ्ठ्यात कोण, तर आपली 'बँक ठेवी आणि नॉमिनी तपासणी यादी'! संघाच्या अंकातल्या लेखाबरोबर दिली होती तीच. कोणीतरी कॉपी काढायला आलं असणार, ह्याने एक जास्तीची ठेवून घेतली आणि आता तीन रुपयाला एक विकतोय. मला म्हणतो, "काका घेऊन जा, बँकेत लई कामाला येते." घेतली मी. तीन रुपये देऊन. हस आता.

अभिमान वगैरे दुकानाच्या पायरीपर्यंतच टिकला, कारण मग कागद नीट बघितला. ती जुनी यादी. नॉमिनीच्या नावाला एकच रकाना. छापली तेव्हा बरोबरच होती, एका ठेवीला एकच नॉमिनी लावता यायचा. पण १ नोव्हेंबर २०२५ पासून चार लावता येतात, आणि ठेवींसाठी दोन पद्धती आहेत, एकतर सगळे एकदम आणि प्रत्येकाचा टक्का लिहायचा, बेरीज शंभर झाली पाहिजे, नाहीतर एकामागून एक, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा. लॉकरला मात्र फक्त एकामागून एकच. आता हे लेखात लिहून काय उपयोग, माणूस काउंटरवर उभा राहतो तेव्हा लेख घरी असतो, हातात कागद असतो, आणि कागदावर एकच रकाना दिसला की दोन मुलींचा बाप एकीचंच नाव लिहून मोकळा होतो. रिकामी जागा सुद्धा नियम सांगते रे, आणि लेखापेक्षा जोरात सांगते.

बरं, कागद जुना आहे हे त्याला कळणार कसं? तारीख आणि संघाचं नाव सगळ्यात खाली बारीक अक्षरात होतं, ते झेरॉक्समध्ये उडालं. बहुतेक प्रिंटर कागदाच्या कडेचे चार-पाच मिलिमीटर छापतच नाहीत, त्यात काचेवर कागद जरा सरकला की खालची ओळ गेलीच. म्हणून नव्या यादीत तारीख शीर्षकाच्या शेजारीच घेतलीये, त्याच जाड टायपात, 'नियम तपासले : जानेवारी २०२६'. आता ती कापायची तर शीर्षकच कापावं लागेल. तीन बाजूंना दीड सेंटीमीटर कोरं आणि डावीकडे अडीच, कारण आपले लोक फाईलला लावल्याशिवाय राहत नाहीत आणि भोक बरोबर पहिल्या अक्षरावर पडतं.

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचास लोकांना भाषण नको, टिक करायला चौकोन दे. दिले चौकोन. शेजारच्या काकूंनी यादी भरून दाखवली, सगळ्या टिका, एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणाच्या, म्हणजे चहा पिता पिता सोफ्यावर बसून भरलेली! 'नॉमिनी नोंदवला आहे' ह्याच्यापुढे टिक, का तर फार पूर्वी कसलासा फॉर्म सही केल्याचं आठवतंय. पासबुक उघडलं तर नॉमिनेशनची नोंदच नाही. काकूंचं काही चुकलं नाही, चौकोनाने त्यांना आठवतं का एवढंच विचारलं होतं.

म्हणून आता ओळ अशी आहे : 'पासबुकावर किंवा एफडीच्या पावतीवर नॉमिनेशनची नोंद छापलेली पाहिली', आणि पुढे चौकोनाच्या जोडीला दोन रिकाम्या जागा, कोणत्या कागदावर पाहिली आणि कधी. ते कागद हातात घेतल्याशिवाय भरताच येत नाही. त्याच्याखालची ओळ, 'नोंद नसेल तर फॉर्म दिला, पोच घेतली, पोचेची तारीख'. तू म्हणशील किचकट केलंस. केलं. पण ओळी कमी केल्या ना, अर्ध्या पानात बसते यादी, उरलेल्या अर्ध्यात नॉमिनींचा तक्ता आहे, चार ओळींचा, टक्क्याच्या रकान्याखाली 'एकूण १००' आधीच छापलेलं.

लेखातलं एकच वाक्य कागदावर नेलंय. नॉमिनी म्हणजे बँकेकडून पैसे घेणारा, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. हे नसलं तर त्या तक्त्यावरून घरात भांडणं लागतील आणि माझं नाव निघेल. बाकी सगळा खुलासा लेखात राहू दे.

आणि अकाउंट नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे. तुझ्या भाच्याने पूर्ण नंबर, पासवर्ड सगळ्याला रकाने करून पाठवले होते, गुणी मुलगा आहे, पण लोक भरलेली फाईल प्रिंटसाठी झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि ती त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच पडून राहते. म्हणून प्रिंटला कोरी पीडीएफच, घरी पेनाने भरायची. वर्डची फाईल तर अजिबात नाही, समोरच्याकडे आपला फाँट नसला की ओळी खाली सरकतात आणि तक्ता दुसऱ्या पानावर.

ज्यांना कॉम्प्युटरवरच ठेवायचंय त्यांच्यासाठी गूगल शीट आहे. तिची लिंक नुसती दिली की दिवसभर परवानगी मागणाऱ्या मेल येतात, आणि परवानगी दिली तर सगळे एकाच शीटमध्ये आपापल्या ठेवी लिहितात, कल्पना कर आपल्या संघात काय होईल! उपाय सोपा आहे, शेअरिंगमध्ये लिंकवाल्या कोणालाही फक्त बघायची परवानगी ठेवायची आणि लिंकच्या शेवटी `/edit` पासून पुढचं काढून `/copy` लिहायचं. मग उघडताना ती स्वतःची कॉपी करायचंच विचारते. पीडीएफचा क्यूआर कोड यादीवरच छापलाय, आणि नियम बदलला की ड्राइव्हमध्ये `Manage versions` मध्ये जाऊन त्याच फाईलची नवी आवृत्ती चढवायची, लिंक तीच राहते, म्हणजे जुन्या कागदावरचा कोड पण नवीच यादी उघडतो.

पण बंड्या, हे सगळं कोड स्कॅन करणाऱ्याला. लोकांनी आधीच करून ठेवलेल्या कॉप्या काही आपोआप सुधरत नाहीत, आणि झेरॉक्सवर झेरॉक्स मारत गेलं की कोड काळा पडतो, मग उघडतच नाही. तेच डोक्यात घोळतंय. मी तर त्या दुकानदाराला नवी यादी फुकट नेऊन देणार आहे, गठ्ठा बदल म्हणून. ही म्हणते त्यापेक्षा भागीदारी माग.

तुझं घर शिफ्ट झालं का, वाशीच्या जागेचं भाडं परवडतंय ना? सूनबाईच्या नोकरीचं कळव. आणि वहिनींना सांग लोणचं पोचलं, संपलं पण.

सोबत पीडीएफ पाठवतोय. तुझ्या त्या खडखडणाऱ्या प्रिंटरवर ए-फोर कागदावर काढ, स्केल शंभर टक्के ठेव, मग तिची झेरॉक्स काढ, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स, आणि मोबाईलने कोड उघडतो का बघून सांग. नाही उघडला तर कोड मोठा करतो. रविवारपर्यंत कळव, सोमवारी अंक छापायला जातोय.

तुझाच,
अण्णा