‘चढली आहे’ म्हणण्यापूर्वी

महोदय,

व्यसनमुक्तीवरील आपल्या रविवारच्या लेखात यकृताविषयी सविस्तर लिहिले आहे, परंतु थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, उल्लेखही नाही. आमचे एक शेजारी बरळू लागले, तोल जाऊ लागला आणि बुबुळे थरथरू लागली, तेव्हा घरच्यांनी ‘चढली आहे’ म्हणून त्यांना दोन दिवस झोपवून ठेवले. वास्तविक चार दिवसांत त्यांनी थेंबही घेतला नव्हता; ही लक्षणे थायमिनच्या कमतरतेची होती. अतिमद्यपींच्या आतड्यांतून हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नसल्याने अशा वेळी गोळी पुरत नाही, ते शिरेतून आणि ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत द्यावे लागते. नुसती ग्लुकोजची बाटली लावल्यास उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. उशिरा झालेल्या उपचारांनी त्यांचे डोळे सुधारले. सकाळी काय खाल्ले ते मात्र आठवत नाही, आणि न झालेल्या भेटी ते खऱ्या समजून सांगतात.

— एक वाचक, रामबाग, इंदूर