पाऊस रेंज खात नाही, टॉवरच्या मागची वाट तोडतो

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय : पावसात मोबाईलची रेंज जाण्याचं खरं कारण

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात एका वाचकाने लिहिलं होतं की पावसाचं पाणी मोबाईलचे तरंग शोषून घेतं, म्हणून टॉवरची शक्ती वाढवावी. तक्रार खरी आहे, आमच्या पाटण तालुक्यात ती दर पावसाळ्यात चावडीवर होते. पण निदान चुकलंय, आणि निदान चुकलं की मागणीही चुकते. मी टेलिफोनच्या कामात आयुष्य काढलं, टॉवरवर चढलो, पावसात केबलचे जॉइंट उघडले. त्या बळावर चार ओळी लिहितो.

आपला फोन टॉवरशी बोलतो ते तरंग 900 किंवा 1800 मेगाहर्ट्झच्या आसपासचे असतात. त्यांची लांबी साधारण 33 आणि 17 सेंटिमीटर. पावसाचा थेंब फार तर चार-पाच मिलिमीटरचा. ट्रॅक्टरच्या चाकाखाली बारीक खडी आली तर ट्रॅक्टरला कळतही नाही, तसं हे आहे. ताशी 50 मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असला, तरी घर ते टॉवर या तीन किलोमीटरमध्ये 1800 मेगाहर्ट्झचा सिग्नल शंभरातला अर्धा भागही कमी होत नाही. भिजलेली झाडी थोडा जास्त खाते, हे मान्य. पण तेवढ्याने गाव मुकं होत नाही.

मग गाव मुकं होतं कशाने? त्यासाठी टॉवरकडे नीट बघा. वरच्या टोकाला उभ्या, लांबट, फळीसारख्या पेट्या दिसतात. त्या आपल्या फोनसाठी. त्यांच्या खाली एक-दोन गोल, ढोलासारख्या तबकड्या दिसतात. त्या आपल्यासाठी नाहीत. त्या समोरच्या डोंगरावरच्या दुसऱ्या टॉवरकडे रोखलेल्या असतात, आणि आपल्या गावाचं सगळं बोलणं, सगळं इंटरनेट त्या ढोलातून पुढे जातं. खाली जमिनीत फायबर आलेली असेल तर ढोलाची गरज नसते. कोयनेच्या खोऱ्यात मात्र पुष्कळ टॉवर अजून ढोलावरच जगतात.

ढोलाचे तरंग वेगळे. आपल्याकडे त्यासाठी 15 गिगाहर्ट्झचा पट्टा बराच वापरतात. त्याची लांबी दोन सेंटिमीटर. इथे थेंब म्हणजे सायकलच्या चाकाखाली आलेला दगड. ताशी 50 मिलिमीटरच्या पावसात हा तरंग दर किलोमीटरला जवळजवळ निम्मा होतो. दोन टॉवरांमध्ये पाच किलोमीटर असा पाऊस असेल तर निम्म्याचा निम्मा करत पलीकडे पोचतो तो बत्तिसावा हिस्सा. पाऊस ताशी 100 मिलिमीटरवर गेला की दर किलोमीटरला चौथाई उरते, आणि पाच किलोमीटरनंतर हजारावा हिस्सा. घरच्या डिश टीव्हीचं चित्र पावसात चौकटी-चौकटी होऊन गोठतं त्याचं कारणही हेच. ते तरंग अडीच सेंटिमीटरच्या घरातले.

जोडणी बसवणाऱ्याला हे ठाऊक असतं. सिग्नल हजारपट, कधी दहा हजारपट घटला तरी चालेल एवढी शिल्लक धरूनच तो ढोल बसवतो. शिवाय आताची यंत्रं शहाणी आहेत. सिग्नल पडायला लागला की ती आपला बोलण्याचा वेग कमी करतात, म्हणजे थोडंच पण स्पष्ट पाठवतात. त्या आखडलेल्या वाटेतून व्हिडिओ जात नाही, पण साधं बोलणं जातं. बोलण्याला वाट लागतेच कितीशी!

आता आमच्याच गावचे दोन प्रसंग सांगतो, म्हणजे फरक कळेल.

पहिला मे महिन्यातला. दुपारी चारला वळवाचा पाऊस आला. आधी टीव्ही गोठला. मग सून म्हणाली, "अण्णा, रेंज फुल आहे, पण व्हॉट्सॲपला नुसतं घड्याळच दिसतंय, टिक येतच नाही." मी तिला साधा फोन लावायला सांगितला. तो लागला, आवाज जरा तुटत होता एवढंच. वीस-पंचवीस मिनिटांत पाऊस ओसरला आणि सगळे मेसेज एकदम धडाधड आले. फोनवर काड्या पूर्ण आणि नेट बंद, म्हणजे आपला टॉवर जिवंत आहे, त्याच्या मागची वाट आखडली आहे. असं असेल तेव्हा फोन बंद-चालू करत बसू नका, माळावर पळू नका. पावसाचा जोर उतरेपर्यंत थांबायचं, बस्स.

दुसरा प्रसंग जुलैचा. दोन दिवस संततधार. वळवापेक्षा कितीतरी जास्त पाणी पडलं, तरी नेट व्यवस्थित चालू होतं. लोकांना याचं नवल वाटतं. पण हिशोब करा. दिवसभरात 200 मिलिमीटर पाऊस एकसारखा पडला तर तो ताशी आठ-नऊ मिलिमीटर होतो. एवढ्या पावसात पाच किलोमीटरच्या वाटेवर सिग्नल निम्मासुद्धा होत नाही. ढोलाला दिवसाची बेरीज कळत नाही, त्या दहा मिनिटांचा जोर तेवढा कळतो. संततधारेचं दुखणं निराळं आहे. रात्री दहाला खाली ओढ्याजवळ झाड तारांवर पडलं आणि वीज गेली. टॉवर बॅटरीवर गेला. पहाटे दोनच्या सुमारास काड्या चारवरून एकदम शून्य झाल्या. हळूहळू कमी झाल्या नाहीत, एकदम गेल्या. ही बॅटरी संपल्याची खूण. सकाळी जनरेटरसाठी डिझेल घेऊन येणारी गाडी घाटात दरडीपाशी अडकली. त्यामुळे दुपारपर्यंत गाव बंद. यात पावसाने एक तरंगही खाल्ला नव्हता.

तिसरी एक जात आहे, ती फसवी. पाऊस थांबला, ऊनही पडलं, तरी गावाच्या एकाच बाजूला रेंज दुबळी राहते, चार दिवस तशीच. तिथे बहुतेक वरच्या पेटीच्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं असतं. रबराची टेप एक वेढा कमी पडली की पुरे. जोराच्या वाऱ्यात ढोल जरासा फिरतो, त्याचंही असंच. त्याचा झोत जेमतेम दोन-अडीच अंशांचा, त्यामुळे मूठभर सरकला तरी समोरच्या डोंगराऐवजी आभाळाशी बोलत बसतो. पावसाबरोबर आलेली अडचण पावसाबरोबर गेली नाही, तर माणूस टॉवरवर चढवल्याशिवाय ती जायची नाही. तक्रार करताना "पाऊस थांबूनही दोन दिवस झाले" हे वाक्य जरूर घाला.

अशा वेळी चालतं काय, तेही लिहितो.

साधा एसएमएस सगळ्यात चिवट. त्याला वाट अगदी थोडी लागते. समोरच्याचा फोन बंद असला तर तो मधल्या केंद्रात थांबतो आणि रेंज आली की पोचतो. कॉलला दोन्ही टोकं एकाच क्षणी जिवंत लागतात, एसएमएसला नाही. एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. इंग्रजी लिपीत एका मेसेजमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70, आणि काना-मात्रा-वेलांटी प्रत्येक स्वतंत्र मोजली जाते. त्यापुढे गेलात की त्याचे दोन-तीन तुकडे होतात आणि एक तुकडा अडला की मेसेज अर्धवट राहतो. "सगळे शाळेत, ठीक आहोत. काळजी नको." हे 32 मध्ये बसतं. नमस्कार-चमत्कार नंतर करता येतील. आणि फोनमधलं मेसेजचं ॲप हल्ली नेटवरून 'चॅट' पाठवतं, तेव्हा तो खरंच एसएमएस म्हणून गेलाय ना, हे बघून घ्या.

काड्यांच्या जागी "फक्त आपत्कालीन कॉल" असं दिसलं तर निराश होऊ नका. आपल्या कंपनीचा टॉवर गेलाय, पण दुसऱ्या कोणाचा तरी जिवंत आहे, असा त्याचा अर्थ. त्यावरून 112 लागतो.

दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असावं असं सगळे सांगतात. मीही सांगेन, पण आधी एक बघा. पुष्कळदा दोन कंपन्यांच्या पेट्या एकाच टॉवरवर असतात आणि खालची बॅटरीही एकच. मग एक गेली की दुसरीही जाणार. दुसरं सिम घ्यायचं तर ज्या कंपनीची रेंज दुसऱ्या डोंगरावरून येते तिचं घ्या.

रेंज पूर्ण गेल्यावर फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि चार्जिंग झरझर उतरतं. विमान मोडवर टाका आणि घरच्यांशी आधीच ठरवून दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं चालू करा. पुण्या-मुंबईतल्या पोरांनाही हे सांगून ठेवा, नाहीतर ती मधल्या वेळात तीस-तीस कॉल लावून आधीच आखडलेली वाट आणखी अडवतात. ज्यांच्याकडे फायबरचं नेट आहे त्यांनी राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू ठेवावं. काचेच्या तारेला पावसाचं सोयरसुतक नाही. मात्र ती खांबावरून आलेली असेल तर खांबाबरोबर पडते.

जाता जाता एक सांगायचा मोह आवरत नाही. ढोलांची ही खोड उपयोगालाही आली आहे. 2006 मध्ये तेल अविव विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन टॉवरांमधला सिग्नल किती पडला यावरून मधे किती पाऊस पडला हे काढून दाखवलं. आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक ढोलाच्या नोंदी कुठल्यातरी संगणकात पडून असणारच. वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस झाला की खालच्या गावाला अर्धा तास आधी सांगायला त्या कामी येऊ शकतील.

आता मूळ मुद्दा, मागणीचा. टॉवरची शक्ती वाढवून ढोलाची वाट रुंद होत नाही आणि बॅटरी तर उलट लवकर संपते. गावात आणखी एक टॉवर उभा केला आणि त्याचाही ढोल त्याच डोंगराकडे रोखला, तर वळवात दोन्ही एकदमच आखडणार. म्हणून ग्रामसभेच्या अर्जात मी तीनच प्रश्न घातले आहेत. आमचा टॉवर पुढे फायबरने जोडला आहे की ढोलाने? ही एक वाट तुटली तर दुसरी आहे का? आणि वीज गेल्यावर बॅटरी किती तास चालते, म्हणजे घाट बंद असताना डिझेल आणायला आमच्या हातात किती वेळ उरतो? कंपनीच्या माणसाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. ते मी दुर्बिणीतून बघून घेतलं. ढोल एकच आहे.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ,
ता. पाटण, जि. सातारा